एक कुर्ता, बारा नग

बारामती-इंदापूरचे जे कापड व्यापारी बांधव अ‍ॅमेझॉनवर माल मांडतात, त्यांनी एकाच कुर्त्याची बारा वेगळी पाने करू नयेत, असे आम्ही सुचवतो. समजा, पठाणी कुर्ता ३ रंगांत व ४ मापांत आहे. यादीत १३ ओळी भराव्यात: एक मूळ नोंद, तिच्याखाली १२ पोटनोंदी. मूळ नोंद विकायची नसते; किंमत व साठा प्रत्येक पोटनोंदीला वेगळा. कॉलर बदलली की तो दुसरा कुर्ता, त्याची मूळ नोंदही दुसरी.

मूळ नोंदीचे सांकेतिक नाव, म्हणजे एसकेयू, PK07 धरू. पोटनोंद अशी:

```
PK07-MAR-40
```

पठाणी कुर्ता, नमुना ७, मरून, माप ४०. बाराही ठिकाणी क्रम हाच ठेवावा. हीच चिठ्ठी पिशवीवर लावली, तर माल बांधणारा मुलगा ४२ ऐवजी ४० पाठवणार नाही. मात्र पुढचे PK07 गाळून नुसते MAR-40 लिहिले, तर एक्सेल त्याची मार्च महिन्याची तारीख करून टाकते!

नावात किंमत घालू नये. किंमत बदलते, एसकेयू बदलता येत नाही; नोंद काढून नवी करावी लागते.

रंगाच्या रकान्यातही शब्द एकच हवा. कुठे Maroon, कुठे Marun पडले की गिऱ्हाइकाला दोन मरून दिसतात आणि प्रत्येकात निम्मीच मापे सापडतात.