एका लेक्चरचे तुकडे करताना: आकडा घेतला तर अटही घ्या

मागे लातूरला आपलं एक सत्र झालं होतं, पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमावर. दीड तासाचं लेक्चर, फळ्यावर आकडेमोड, शेवटी प्रश्नोत्तरं. पूर्ण व्हिडिओ टाकला, तो फार कुणी शेवटपर्यंत बघितला नाही. मग मी त्यातला 38 सेकंदांचा एक तुकडा उभा कापून टाकला. त्यात मी म्हणतोय, "दहा लाखांचा प्रकल्प असेल तर साडेतीन लाख सरकारचे." तो तुकडा भरपूर फिरला.

दोन आठवड्यांनी लातूर शहरातल्या एका तरुणाचा फोन आला. लाकडी घाणा टाकायचा होता, करडई आणि शेंगदाण्याचं तेल काढायला. "सर, साडेतीन लाख धरून मी मशीनला ॲडव्हान्स दिलाय. आता बँकेत म्हणतात दीडच लाख बसतात, आणि तेही हातात येत नाहीत." मी व्हिडिओ परत बघितला. मी चुकीचं काहीच बोललो नव्हतो. अट फक्त चार मिनिटं आधी बोललो होतो, आणि ती चार मिनिटं त्या तुकड्यात नव्हती.

आजचा धडा त्यावरच आहे. लांब लेक्चरमधून उभे, छोटे व्हिडिओ कसे काढायचे, हे तोच तुकडा परत कापून दाखवतो.

आधी हिशोब समजून घेऊ, म्हणजे काय सुटलं ते कळेल. 2022 साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष प्रवर्गाला शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के. आता फळ्यावरचं माझं उदाहरण होतं औसा तालुक्यातल्या एका गावातल्या महिलेचं. दहा लाखांचा प्रकल्प, तिचे स्वतःचे 5 टक्के म्हणजे 50 हजार, बँकेचे साडेनऊ लाख, आणि त्यात अनुदान साडेतीन लाख. फोन करणारा तरुण सर्वसाधारण प्रवर्गातला आणि महानगरपालिका हद्दीतला. त्याला स्वतःचे 10 टक्के म्हणजे एक लाख घालायचे, आणि अनुदान दीड लाख. शिवाय दोघांचंही अनुदान बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीसारखं बाजूला राहतं. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, पण ते पैसे माल घ्यायला वापरता येत नाहीत. याने ते करडईच्या खरेदीसाठी धरले होते.

म्हणजे तुकड्यात तीन गोष्टी सुटल्या: कुणाला, कुठे, आणि पैसे कधी. हॉलमधल्या माणसाच्या डोक्यात त्या होत्या. मोबाईलवर बघणारा मधूनच येतो, त्याला मागचं काही माहीत नसतं.

कापायची सुरुवात मी आता एडिटिंग ॲपमध्ये करत नाही, कागदावर करतो. लेक्चर ऐकत जायचं आणि जिथे एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळतं तिथे वेळ लिहायची. विषय लिहायचा नाही, प्रश्न लिहायचा. "अनुदान" असं लिहिलं तर त्यातून धड तुकडा निघत नाही. "गावातल्या बाईला दहा लाखांवर किती अनुदान आणि ते हातात कधी?" असं लिहिलं की सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरतात. त्या दीड तासातून मला असे पाचच प्रश्न मिळाले. वीस मिळतील असं वाटलं होतं. बाकीचं बोलणं चांगलं होतं, पण ते एकमेकांच्या खांद्यावर उभं होतं, एकटं काढलं की पडायचं. सगळ्यात तयार तुकडे प्रश्नोत्तरांत सापडतात, कारण विचारणारा स्वतःच प्रश्न मांडतो. फक्त त्याचा चेहरा किंवा आवाज ठेवायचा असेल तर त्याला विचारून घ्या. नाहीतर प्रश्न स्क्रीनवर लिहा आणि उत्तर तेवढं ठेवा.

मग त्या भागातलं बोलणं शब्दशः उतरवून काढायचं. माझं मूळ बोलणं असं होतं: "तर मघाशी आपण बघितलं तसं, हिला पस्तीस बसतं. म्हणजे दहा लाखांचा प्रकल्प असेल तर साडेतीन लाख सरकारचे." यात "मघाशी" आणि "हिला" हे दोन शब्द मागच्या चार मिनिटांवर टेकलेत. उतरवलेल्या कागदावर अशा शब्दांना गोल करा: तो, ती, हे, तिथे, मघाशी, वरचा, त्यामुळे, मग. प्रत्येक गोलाला विचारा, हे कशाबद्दल आहे ते याच तुकड्यात सांगितलंय का? नसेल तर तो शब्द जाईल, नाहीतर ते नाव आत येईल.

मराठीत एक जास्तीचा धोका आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. "सगळ्यांना पस्तीस टक्के मिळतं, असं नाही." यातलं "असं नाही" कापलं गेलं तर अर्थच उलटा. बोलताना आपण "मिळतं" नंतर श्वास घेतो, आणि एडिट करताना बोट नेमकं त्या श्वासावर जातं. म्हणून कापण्याच्या जागेनंतरची दोन वाक्यं ऐकल्याशिवाय कात्री चालवायची नाही. "पण", "मात्र", "अट एवढीच" हे शब्द पुढे आले तर तुकडा अजून संपलेला नाही.

आता नवीन तुकडा. लेक्चरमधली तीन ठिकाणची वाक्यं मी एकत्र आणली. क्रमही बदलला: उदाहरण कुणाचं ते आधी, आकडा नंतर, आणि लगेच बँकेतल्या तीन वर्षांची गोष्ट. "तुम्ही शहरात सर्वसाधारण प्रवर्गात असाल तर हाच आकडा दीड लाख" हे वाक्य मात्र लेक्चरमध्ये नव्हतंच. फळ्यावर होतं, तोंडाने बोललो नव्हतो. ते मी घरी त्याच कॉलर माईकवर वेगळं रेकॉर्ड केलं आणि फळ्याच्या चित्रावर आवाज म्हणून टाकला. असं करायला हरकत नाही. हरकत आहे ती एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवायला. शब्द तुमचेच असले तरी बोलणं तुमचं राहत नाही.

सगळं मिळून 56 सेकंद झाले. माझ्या बोलण्यात मिनिटाला साधारण 120 शब्द बसतात, म्हणून कागदावरच अंदाज येतो. यूट्यूब शॉर्ट्सला 15 ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटांपर्यंत परवानगी आहे. त्यामुळे अट कापायला वेळेचं कारण आता उरलेलं नाही. प्रश्न 80 सेकंदांत नीट सुटत असेल तर 80 घ्या.

चित्राकडे येऊ. आडव्या 1920 × 1080 व्हिडिओतून उभी पट्टी काढली तर रुंदीचे जेमतेम 608 ठिपके हाती लागतात. ते ताणून 1080 केले की चेहरा मऊ दिसतो आणि फळ्यावरची अक्षरं फुटतात. फोनमध्ये सोय असेल तर लेक्चर 4K मध्ये घ्या. त्यातून उभी पट्टी 1215 ठिपक्यांची मिळते, ती पुरते. कॉम्प्युटरवर करणाऱ्यांसाठी मधली पट्टी काढायची ही कमांड:

```
ffmpeg -ss 00:41:12 -i lecture.mp4 -t 56 -vf "crop=ih*9/16:ih,scale=1080:1920" -c:a aac clip1.mp4
```

ही मधोमध कापते. मी फळ्याकडे सरकलो की त्यात माझा अर्धा खांदाच येतो. फळा आणि माणूस दोन्ही हवे असतील तर कापूच नका. आडवं चित्र पूर्ण रुंदीत वर ठेवा, त्याची उंची 608 येते, आणि खाली चेहऱ्याचा मोठा भाग लावा. इनशॉट किंवा काइनमास्टरमध्ये दोन थर टाकून हे फोनवरही होतं. अगदी तळाला आणि उजव्या कडेला काही लिहू नका, तिथे शीर्षक आणि बटणं येतात.

स्क्रीनवर अक्षरं मात्र हवीतच, आणि आकडे अंकात. कारण हॉलच्या पंख्याच्या आवाजात "पंचवीस" आणि "पस्तीस" कानाला सारखेच लागतात, आणि या योजनेत नेमके तेच दोन दर आहेत! आपोआप उमटणारी कॅप्शनही इथे फसतात. आकडे एकेक करून स्वतः तपासा.

तपासणी माझी अशी असते. लेक्चर न ऐकलेल्या माणसाला तुकडा एकदाच दाखवायचा आणि विचारायचं: हे कुणासाठी आहे, किती मिळणार, कधी मिळणार? "समजलं का?" असं विचारायचं नाही, लोक भिडेखातर हो म्हणतात. नांदेडला एका झेरॉक्सवाल्या दादांना पहिला मसुदा दाखवला तर ते म्हणाले, "बाईंना साडेतीन लाख, तीन वर्षांनी रोख." रोख! म्हणजे माझं तिसरं वाक्य अजून कच्चं होतं. मग मी "ते पैसे शेवटी कर्जातूनच वजा होतात" एवढं वाढवलं. नंतर दुसऱ्या एकाला दाखवलं, त्याने बरोबर सांगितलं.

आणखी एक गोष्ट. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ तिथल्या तिथे बदलून दुसरा ठेवता येत नाही. मी जुना तुकडा काढला, नवीन टाकला, आणि "संबंधित व्हिडिओ" मध्ये पूर्ण लेक्चर जोडलं. शॉर्ट्सच्या वर्णनात दिलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून हाच रस्ता. पण तोवर जुना तुकडा व्हॉट्सॲपवर गेला होता, आणि तिथे ना शीर्षक जातं ना वर्णन. त्यामुळे आता प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात, चित्रातच, तीन गोष्टी लिहितो: योजनेचं नाव, "2022 चे नियम", आणि रेकॉर्डिंगचा महिना. ही योजना 2025-26 पर्यंतच मंजूर झाली होती, त्यामुळे पुढे बघणाऱ्याने आधी ताजे नियम तपासायला हवेत. जिल्ह्याचं नावही लिहितो. शेजारचा धाराशिव हा आकांक्षित जिल्हा असल्याने तिथला सर्वसाधारण अर्जदारही विशेष प्रवर्गात धरला जातो. लातूरचं उदाहरण बघून तिथला माणूस उगाच कमी धरून बसेल.

त्या तरुणाने मशीन लहान घेतलं आणि प्रकल्प सात लाखांवर आणला. ॲडव्हान्स वळता झाला. जुना 38 सेकंदांचा तुकडा गेल्या महिन्यात मला परत एका ग्रुपवर दिसला, खाली कुणीतरी माझाच नंबर दिला होता.