अभिनंदन कोणाचे, शुभेच्छा कोणाला?
बढतीच्या संदेशातील मराठी

रायपूरहून खारून नदी ओलांडून भिलाईकडे जाऊ लागले की वाटेत कुम्हारी लागते. हा सारा प्रदेश अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. या जुन्या आणि नव्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे रायपूर, दुर्ग, भिलाई या पट्ट्यात आजही आहेत. त्यांच्या घरात मराठी बोलली जाते, मात्र शाळा, बाजार आणि कचेरी यांचा व्यवहार हिंदीत चालतो. त्यामुळे एखाद्या मराठी सहकाऱ्याला मराठीतच चार ओळी लिहायची वेळ आली की शब्द मराठी येतात आणि वाक्याची घडण मात्र हिंदीची राहते.

बढतीचा निकाल लागल्यावर लिहिला जाणारा संदेश हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. पुढील मजकूर नमुन्यादाखल जुळविलेला आहे. त्यातील प्रत्येक चूक मात्र नित्य आढळणारी आहे. कुम्हारीतील एखाद्या शाखेत दोन लिपिक शेजारीशेजारी बसतात, अशी कल्पना करावी. दोघांनी अधिकारीपदाची परीक्षा दिली. ज्येष्ठ भगिनीची निवड झाली. धाकट्या सहकाऱ्याची झाली नाही. एरवी तो तिला ‘ताई’ म्हणतो. नव्या नेमणुकीवर ती आता दुसऱ्या गावी जाणार. तो लिहितो:

“आदरणीय महोदया, आपल्या पदोन्नतिबद्दल आपल्याला हार्दिक बधाई. हा समाचार ऐकून मला खूप खुशी झाली. आपण खूप मेहनत केले आणि मेहनतीचा फळ मिळाला. मी पण परीक्षा दिली होती, माझी निवड नाही झाली, तरीपण मला आनंद आहे. आपल्या मार्गदर्शनात मला खूप शिक्षा मिळाली. आपण असेच आगे जात राहो, ही ईश्वराशी प्रार्थना. भवदीय.”

भावना खरी आहे, यात शंका नाही. म्हणूनच हा मजकूर दुरुस्त करण्याजोगा आहे.

पहिल्या वाक्यापासून पाहू. ‘बधाई’च्या जागी ‘अभिनंदन’ घातले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते आणि मग ‘आपल्याला हार्दिक अभिनंदन’ असे वाक्य तयार होते. येथे शब्द बदलला, पण विभक्ती हिंदीचीच राहिली. हिंदीत बधाई कोणाला तरी दिली जाते, म्हणून तेथे ‘को’ येतो. मराठीत अभिनंदन दिले जात नाही; ते केले जाते आणि ते कोणाचे तरी असते. म्हणून ‘तुमचे अभिनंदन’. याउलट शुभेच्छा दिल्या जातात, म्हणून ‘तुम्हाला शुभेच्छा’. दोहोंतला आणखी एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. जे घडून गेले त्याबद्दल अभिनंदन करावयाचे आणि जे पुढे घडावयाचे आहे त्यासाठी शुभेच्छा द्यावयाच्या. निवड झाल्याबद्दल अभिनंदन, नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा. ‘बढतीबद्दल शुभेच्छा’ असे लिहिले तर बढती मिळाली की मिळावयाची आहे, असा प्रश्न वाचणाराला पडू शकतो.

याच वाक्यात ‘पदोन्नति’ ऱ्हस्व लिहिली आहे. हिंदीत ते बरोबर आहे. मराठीत असे तत्सम शब्द दीर्घान्त लिहावेत, असा नियम आहे; म्हणून ‘पदोन्नती’ आणि अर्थात ‘पदोन्नतीबद्दल’. भ्रमणध्वनीवर हिंदीचा कळफलक निवडलेला असेल तर तो ऱ्हस्व रूप आपणहून सुचवितो. कळफलकाची भाषा मराठी करून घेतली की ही तक्रार बरीच कमी होते. खरे तर रोजच्या बोलण्यातला ‘बढती’ हा शब्द असताना ‘पदोन्नती’ हवीच, असेही नाही.

आता दोन फसव्या शब्दांकडे येऊ. ‘समाचार’ हिंदीत बातमी. मराठीत आजाऱ्याच्या समाचाराला जातात, किंवा चुकणाऱ्याचा समाचार घेतात. ‘शिक्षा’ हा शब्द तर अधिक घातक आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. ‘आपल्या मार्गदर्शनात मला खूप शिक्षा मिळाली’ हे वाक्य नागपूर-पुण्याकडच्या वाचकाने वाचले तर ताईंनी या बिचाऱ्याला भलताच छळलेला दिसतो, असे त्याला वाटेल. ‘चेष्टा’ही याच जातीचा शब्द आहे. हिंदीत तो प्रयत्न या अर्थाने येतो, मराठीत थट्टा या अर्थाने. तेव्हा कोणाच्या ‘चेष्टेला यश आले’ असे चुकूनही लिहू नये. असे शब्द ओळखण्याची खूण सोपी आहे. तो शब्द घरात आई कोणत्या अर्थाने वापरते, हे आठवून पाहावे. ‘मार्गदर्शनात’ हेही ‘मार्गदर्शन में’चे रूप आहे, मराठीत मार्गदर्शनाखाली शिकतात.

लिंगाची अडचण थोडी वेगळी आहे. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. हिंदीतील ‘फल’ पुल्लिंगी, म्हणून लिहिणाराने ‘मेहनतीचा फळ मिळाला’ असे लिहिले. मराठीत फळ नपुंसकलिंगी आहे: मेहनतीचे फळ मिळाले. ‘मेहनत’ दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी आहे. तरीही ‘आपण मेहनत केले’ असे का लिहिले गेले? आदरार्थी ‘आपण’कडे पाहून क्रियापद चालविल्यामुळे. मराठीत भूतकाळातील सकर्मक क्रियापद येथे कर्माकडे पाहते. तुम्ही काम केले, अभ्यास केला, मेहनत केली. कर्ता तोच असताना क्रियापद तीनदा बदलले. शंका आली की कर्माआधी ‘तो, ती, ते’ लावून पाहावे, म्हणजे उत्तर मिळते.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा ‘आपण’ या शब्दाचा आहे. हिंदीतील ‘आप’ निःसंदिग्ध आहे. मराठीतील ‘आपण’ मात्र दोन कामे करतो. आदराने समोरच्याला उद्देशून तो येतो, तसाच बोलणारा आणि ऐकणारा मिळून ‘आपण दोघे’ या अर्थानेही येतो. आपल्या नमुन्यात तर दोघांनीही परीक्षा दिलेली आहे. ‘आपण खूप मेहनत केली आणि फळ मिळाले’ हे ताईंनी कसे वाचावयाचे? मेहनत दोघांची आणि फळ एकीला, असा बोचरा अर्थही त्यातून निघू शकतो, आणि लिहिणाराच्या मनात तो मुळीच नसतो. शिवाय रोज जिला ‘ताई, तुम्ही’ म्हणावयाचे तिला एकाएकी ‘आदरणीय महोदया, आपण’ म्हटले की काल निवड झाली आणि आज अंतर पडले, असे वाटते. येथे ‘तुम्ही’ हाच योग्य आणि जिव्हाळ्याचा शब्द होय. एकदा ‘तुम्ही’ निवडल्यावर अखेरपर्यंत तोच ठेवावा. अर्ध्यावर ‘आपण’ आणू नये.

आता सर्वांत नाजूक वाक्य: ‘माझी निवड नाही झाली, तरीपण मला आनंद आहे.’ व्याकरणाने पाहिले तर एवढेच सांगता येईल की मराठीत नकार क्रियापदानंतर येतो: ‘निवड झाली नाही’. पण खरा दोष ‘तरीपण’ या शब्दात आहे. आनंद व्हावयाला आधी काही अडथळा होता आणि तो ओलांडून आनंद झाला, असे हा शब्द सांगतो. वाचणारी व्यक्ती त्या अडथळ्यापाशीच थांबते आणि अभिनंदन स्वीकारण्याऐवजी तिलाच सांत्वन करावेसे वाटू लागते. काही जण म्हणतील, मनात आहे ते लिहिण्यात गैर काय? गैर काहीच नाही. पण ते वेगळ्या वेळी, चहाच्या पेल्यासोबत बोलावे. तीन-चार ओळींच्या संदेशात दुसऱ्याचा आनंद आणि आपली खंत या दोहोंना जागा पुरत नाही. आणि परीक्षेचा उल्लेख टाळणे अगदीच कृत्रिम वाटत असेल, कारण दोघांनी अभ्यास एकत्र केला होता, तर तेवढेच लिहावे: ‘आपण दोघांनी मिळून केलेला अभ्यास तुमच्या उपयोगी पडला, याचे फार समाधान वाटते.’ येथे ‘आपण’ हा शब्द आपल्या हक्काच्या जागी आला आहे.

शेवटचे वाक्य उरले. ‘आपण जात राहो’ होत नाही. राहो, होवो, मिळो ही रूपे तृतीय पुरुषाची. म्हणून इच्छा व्यक्तीविषयी न सांगता गोष्टीविषयी सांगावी: तुमची प्रगती होत राहो, तुम्हाला यश मिळो. ‘ईश्वराशी’ हा ‘ईश्वर से’चा अनुवाद आहे, मराठीत प्रार्थना ईश्वराजवळ किंवा ईश्वरचरणी करतात. अर्थात एका शाखेत काम करणाऱ्या दोघांमध्ये एवढ्या औपचारिक समारोपाची आवश्यकता नाही.

एवढ्या दुरुस्त्या केल्यावर मजकूर शुद्ध होतो, परंतु तो कोणालाही पाठविता येईल असाच राहतो. त्याला ऊब येते ती त्या व्यक्तीच्या एखाद्या विशिष्ट कामाच्या उल्लेखाने. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. त्या रांगेतील थकलेल्या माणसांशी ही ताई कशी बोलत असे, हे शेजारी बसणाराने रोज पाहिलेले असते. ‘मार्गदर्शन’ हा मोठा शब्द वापरण्यापेक्षा हे सांगावे. तसे केल्यास ‘शिक्षा’ही आपोआप गळून पडते.

“प्रिय ताई,
अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन! बातमी ऐकून फार आनंद झाला. दिवसभर काउंटर सांभाळून तुम्ही रात्री अभ्यास केलात. त्या मेहनतीचे चीज झाले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या वृद्धांशी तुम्ही ज्या शांतपणे बोलत होता, ते पाहून मी पुष्कळ शिकलो. आपण दोघांनी मिळून केलेला अभ्यास तुमच्या उपयोगी पडला, याचेही समाधान वाटते. नव्या शाखेतील कामासाठी तुम्हाला शुभेच्छा. कुम्हारीला येत राहा.
तुमचा,”

आणि खाली केवळ नाव, हुद्दा नको. हाच संदेश शाखाप्रमुखांना किंवा प्रादेशिक कार्यालयातील वरिष्ठांना लिहावयाचा असेल तर ‘ताई’ची जागा ‘आदरणीय साहेब’ घेईल, ‘तुमचे’चे ‘आपले’ होईल आणि ‘तुम्ही अभ्यास केलात’ याऐवजी ‘आपण अभ्यास केलात’ असे लिहावे लागेल. ‘आपण दोघांनी’ हे वाक्य मात्र तेथे गाळलेलेच बरे.