घरपट्टी भरली, पावती आली नाही

गेल्या जूनमध्ये, सवलतीची मुदत संपत असताना, मी मालमत्ता कराचे ८,४६० रुपये यूपीआयने भरले. फोनवर हिरवी खूण उमटली, खात्यातून पैसे गेल्याचा बँकेचा संदेशही आला. महापालिकेच्या पानावर मात्र चक्र फिरत राहिलं आणि शेवटी ‘सेशन संपलं’ अशी सूचना दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मालमत्ता क्रमांकावर पूर्ण थकबाकी तशीच होती.

शेजारच्या काकांनी सुचवलं, “सवलत जाईल, पुन्हा भरून टाका.” मी भरले नाहीत, आणि तुम्हीही निदान पहिले काही दिवस भरू नका. दोनदा भरलेली जादा रक्कम सहसा पुढच्या बिलात वळती केली जाते. ती रोख परत मिळवायची तर अर्ज-विनंत्यांत महिने जातात.

असं होतं तरी कसं? तुमचे पैसे बँकेतून थेट पालिकेकडे जात नाहीत. मध्ये पेमेंट गेटवे असतो. बँक त्याला पैसे देते, तो पालिकेच्या संगणकाला ‘अमुक मालमत्तेचे आले’ असा निरोप देतो, आणि त्या निरोपावरच पावती तयार होते. फोनवरची हिरवी खूण फक्त पहिला टप्पा पार पडल्याचं सांगते. मुदतीच्या दिवशी गर्दीत निरोप अडकला, तर पैसे गेलेले असतात आणि पालिकेच्या दफ्तरी काहीच नसतं. बरेचदा गेटवे आणि पालिका यांचा हिशेब नंतर जुळवला जातो आणि पावती उशिरा का होईना, आपोआप निघते.

म्हणून आधी पावती खरोखरच निघालेली नाही ना, ते पाहा. पालिकेच्या संकेतस्थळावर मालमत्ता क्रमांक टाकून आधी थकबाकी आणि मग जुन्या भरण्यांची यादी बघा. थकबाकी शून्य झाली असेल तर पैसे पोहोचले, पावती तिथूनच उतरवून घ्या. ती तुम्हाला आली नाही याचं कारण बरेचदा साधं असतं: नोंदीतला मोबाइल क्रमांक आधीच्या मालकाचा किंवा बिल्डरचा असतो आणि संदेश त्यांच्याकडे जातो.

थकबाकी कायम असेल तर बँकेचा खातेउतारा काढा. पैसे वजा होऊन परत जमा झालेत का, हे तिथेच कळतं. मी पाहिलं तर पैसे परत आलेले नव्हते. उताऱ्यात पैसे घेणाऱ्याच्या जागी गेटवेचं नाव होतं, पालिकेचं नव्हतं. ते पाहून घाबरायचं कारण नाही, असं बरेचदा असतं.

इथे क्रमांकांचा घोळ होतो, त्याकडे नीट लक्ष द्या. एकाच व्यवहाराला तीन ओळखी असतात. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक बँकेला कळतो. गेटवेचा व्यवहार क्रमांक गेटवेला कळतो. पालिकेच्या पानाने पैसे भरण्याआधी दाखवलेला क्रमांक पालिकेला लागतो. बँकेला पालिकेचा क्रमांक सांगितला किंवा पालिकेला फक्त बारा आकडे दिले, तर ‘असा व्यवहार सापडत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. पैसे भरण्याचं बटण दाबण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा, पालिकेचा क्रमांक नंतर दुसरीकडे मिळेलच असं नाही.

मी करसंकलन विभागाला लेखी अर्ज दिला. त्यात मालमत्ता क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि हाती असलेले सगळे क्रमांक लिहिले. सोबत खातेउताऱ्याचं ते पान जोडलं, कारण हिरव्या खुणेच्या फोटोला कुणी पुरावा मानत नाही. आणि एक वाक्य मुद्दाम घातलं: ‘नोंद पैसे भरल्याच्या तारखेने व्हावी आणि सवलत कायम राहावी.’ अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला.

त्याच दिवशी यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रारही नोंदवली. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने व्यापाऱ्याला दिलेले पैसे खात्यातून गेले पण पोहोचल्याची खात्री त्याला मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. मात्र पैसे पालिकेच्या खात्यात पोहोचले असतील, तर बँक ते परत आणू शकत नाही. मग पावती पालिकेकडूनच मिळवावी लागते. बँकेने तक्रारीवर तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

माझे पैसे गेटवेकडून पालिकेला मिळाले होते, फक्त नोंद लागली नव्हती. हिशेब जुळल्यावर पावती निघाली. पण तिच्यावर नोंद केल्याची तारीख होती, म्हणजे मुदतीनंतरची, आणि सवलत गेली होती. आवक क्रमांक असलेली अर्जाची प्रत दाखवल्यावर विभागाने तारीख दुरुस्त केली. तुमच्याही पावतीवर मालमत्ता क्रमांक, वर्ष आणि तारीख तपासा. तारीख चुकीची राहिली तर पुढच्या बिलात थकबाकी आणि तिच्यावर महिन्याला दोन टक्के शास्ती दिसू शकते, आणि तोवर बँकेचा जुना उतारा शोधणंही अवघड होऊन बसतं.