मैत्रिणीला लिहायचं ते पत्र

तळोदा
माघ महिना

चि. बेटा,



तुझ्या मैत्रिणीची आजी गेल्याचं कळवलंस आणि सोबत मजकूरही पाठवलास. ‘तुमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे, ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो, या दुःखातून सावरण्याचं बळ तुम्हाला मिळो.’ मावशी, हा पाठवू का, असं विचारलंस. नको पाठवू. त्यात खोटं काहीच नाही, पण त्यात ती आजी नाही, तुझी मैत्रीण नाही आणि तूही नाहीस. आजीचं नाव काढून दुसऱ्या कुणाचंही घाल, मजकुराला काही फरक पडणार नाही. लिहिलेलं बरोबर उतरलं की नाही ते ताडायला मी नेहमी हेच करून बघते. नाव बदलून चाललं, तर ते पत्र अजून लिहायचंच आहे असं समजावं.

या मुलीला तर आजीनंच वाढवलं, म्हणून तिच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. आजी जाणं आणि जिनं वाढवलं ती आजी जाणं, यांत फार अंतर असतं. लोक मात्र वय मोजतात. ‘पिकलं पान होतं’, ‘सोनं झालं’, ‘सगळं बघून गेली’. घरी येणारा प्रत्येक जण तिला हे ऐकवत असेल. आई गेलेल्या मुलीला असं कुणी म्हणत नाही. तुझ्या मैत्रिणीची आई आहे, ईश्वर तिला उदंड आयुष्य देवो, पण रोजच्या जगण्यात आईच्या जागी असलेलं माणूस गेलंय ते हेच. तिच्या दुःखाला नात्याच्या नावावरून कमी मोजू नकोस. पत्रात आजीचं वय येऊच देऊ नकोस.

मी अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या शाळेत शिकवायचे, तेव्हा तिच्या घरासारखी, आई-बाप ऊसतोडीला आणि पोरं आजीजवळ, अशी घरं पुष्कळ पाहिली. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी पाड्याखाली येऊन उभी राहायची. उचल आधीच घेतलेली असायची, ती घरदुरुस्तीत, आजारपणात, लग्नात संपलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. बारडोलीकडच्या उसात जायचं, शेताकडेला पडाव टाकायचा आणि कारखाने बंद होईपर्यंत, म्हणजे थेट उन्हाळ्यापर्यंत, तिथंच राहायचं. मधे होळीला काही दिवस घरी यायचं. धाकटं मूल पाठीशी बांधून जायचं आणि शाळेतलं मूल आजीजवळ ठेवायचं. माझ्या वर्गातल्या कितीतरी प्रगतिपुस्तकांवर पालकाच्या सहीच्या जागी आजीचा निळा अंगठा असायचा, आणि तो पुसट उठला तर आजी पुन्हा शाई मागायची. तो अंगठा म्हणजे काय, हे ज्यांनी तो घेतलाय त्यांनाच कळतं.

म्हणून तुला एक गोष्ट जपून लिहायला सांगते. ही आजी किती मोठी होती हे सांगताना आई-बापाला लहान करू नकोस. ‘आई-वडील जवळ नसताना आजीनंच तुला आई-बापाचं प्रेम दिलं’ हे वाक्य वाचायला गोड वाटतं. पण पत्र त्या घरात एकट्यानं वाचलं जात नाही. फोन घरात एकच असतो, तो हातोहात फिरतो. जिला वाचता येत नाही तिला कुणीतरी वाचून दाखवतं. ती आई आत्ता पडावावरून धावत आली आहे. सासू गेली तेव्हा आपण ऊस तोडत होतो, हे तिच्या मनात आहेच. तुझं वाक्य तिच्या कानावर पडलं तर ते तिला कसं लागेल, याचा आधी विचार कर. आजीचा मोठेपणा सांगणारी, पण आईलाही ऐकता येईल अशी आठवण निवड.

अशी आठवण तुझ्याजवळ आहे. दहावीनंतरच्या सुट्टीत तू त्यांच्याकडे राहिली होतीस, तेव्हा परत आल्यावर मला सांगितलं होतंस. वैशाखाचे दिवस, आमचुराचा हंगाम. आजी पहाटे कैऱ्या सोलायला बसायची, तुम्ही दोघी फोडी करायच्या आणि खडकावर पसरायच्या. दुपारी आभाळ भरून आलं की आजी ओरडायची आणि सगळी पळापळ करून फोडी गोळा करायची, कारण पाऊस लागला की आमचूर काळं पडतं आणि मोलगीच्या बाजारात व्यापारी भाव पाडतो. पांढऱ्या आमचुरातला एक वाटा आजी वेगळ्या फडक्यात बांधून ठेवायची. तो नातीच्या वह्या-पुस्तकांचा. त्याला घरात कुणी हात लावायचा नाही.

आणि दुसरं. त्याच सुट्टीत आई-वडील उसावरून परत आले. त्या रात्री आजीनं नातीचं अंथरूण उचललं आणि आईच्या शेजारी टाकलं. मुलगी आजीजवळच झोपायची सवय झालेली, ती कुरकुरली, तर आजी म्हणाली, ‘तिच्याजवळ झोप, तिची पोर आहेस.’ तू हे सांगताना हसत होतीस, तुला गंमत वाटली होती. मला वाटली नव्हती. सहा-सहा महिने पोर आपल्या कुशीत वाढवायची आणि आई आली की तिची तिला परत करायची, हे त्या बाईनं दर उन्हाळ्यात केलं असणार. या एका गोष्टीत तिनं नात कशी सांभाळली तेही आहे आणि सुनेची जागा कशी राखली तेही आहे. पत्रात हीच लिही. आईनं ऐकली तरी तिला आधारच वाटेल. तुझी मैत्रीण तेव्हा कुरकुरत होती, तिच्या हे लक्षातही नसेल. तू बाहेरची होतीस म्हणून तुला दिसलं. गेलेल्या माणसाची आपल्याला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट कुणी सांगितली, तर ते माणूस क्षणभर परत भेटतं. असं देण्यासारखं तुझ्याजवळ आहे, म्हणून तुला इतकं लिहितेय.

आठवण सजवू नकोस मात्र. जे पाहिलंस तेवढंच. आजी तुझ्याबद्दल कधी काही बोलली नसेल, तर बोलली असं लिहू नकोस. ‘ती अजून तुझ्यासोबतच आहे’ हेही नको. आजी नाही, हेच तर तुझ्या मैत्रिणीला रोज सकाळी चुलीपाशी कळतंय.

आणखी एक वाक्य तुझ्या मजकुरात शेवटी होतं, ‘आता तुलाच खंबीर होऊन घर सांभाळायचं आहे.’ ते काढून टाक. उचल फिटलेली नाही, म्हणून आई-वडिलांना दिवसकार्य उरकून परत उसावर जावं लागणार. मग घरात ती आणि शाळेतला धाकटा भाऊ. घर तिला सांभाळावं लागणारच आहे, आणि सगळे तिला तेच सांगताहेत. निदान मैत्रिणीनं तिला रडायची मोकळीक द्यावी. ‘काही लागलं तर सांग’ हेही लिहू नये. ती कधीच सांगणार नाही, आणि मागायचं काम आपण तिच्यावरच टाकतो. तुला जे खरंच जमेल ते एकच नेमकं लिही.

तुला अंदाज यावा म्हणून मी लिहून बघितलं. शब्द तुझे घाल, हे नुसतं वळण आहे:

‘आई गेल्याचं काल कळलं. तू आजीला आई म्हणायचीस, म्हणून मीही तसंच लिहितेय. तेव्हापासून मला मे महिन्यातलं तुमचं अंगण दिसतंय. आभाळ आलं की आई ओरडायची आणि आपण फोडी गोळा करायला धावायचो. तुझ्या वह्यांचं आमचूर ती वेगळ्या फडक्यात बांधायची, ते मला तिनं स्वतः दाखवलं होतं.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. काकी उसावरून आल्या त्या रात्री आईनं तुझं अंथरूण त्यांच्या शेजारी टाकलं. तू रागानं पाठ फिरवून झोपलीस. आई मात्र बराच वेळ दाराशी बसून तुम्हा दोघींकडे बघत होती. मी जागी होते. तिच्या तोंडावर समाधान होतं.

मला या आठवड्यात येता येत नाही, परीक्षा आहे. होळीला मी घरी येणार आहे, तेव्हा तुझ्याकडे दोन दिवस राहीन. भावाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा राहिला असेल तर कागद काढून ठेव, मी भरून देईन. या पत्राला उत्तर लिहायची गरज नाही.’

एवढं पुरे. दाराशी बसल्याचं तू मला सांगितलं होतंस, म्हणून घातलं. तुला आता तसं नक्की आठवत नसेल तर ते काढ. ‘आई’ हा शब्दही तुमच्या बोलण्यातला म्हणूनच घेतला. घरात तिला ज्या नावानं हाक मारत असतील तेच नाव पत्रात हवं, ‘आपली आजी’ किंवा ‘आजीसाहेब’ नको. उत्तर नको हे वाक्य मात्र ठेवच. भेटायला येणाऱ्यांना चहा करून, पुन्हा पुन्हा तेच सांगून ती दमलेली असेल. आपल्या पत्रानं तिचं एक काम वाढू नये.

फोनवर आज दोनच ओळी पाठव, आई गेल्याचं कळलं, पत्र लिहितेय, एवढ्याच. त्यांच्या पाड्यावर रेंज टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही, तो निरोप तिला केव्हा दिसेल सांगता येत नाही. मोठा मजकूर फोनवर नको, तो इतर निरोपांच्या खाली जातो. कागदावर लिही, मोठ्या अक्षरात, म्हणजे धाकट्या भावालाही वाचून दाखवता येईल. पोस्टानं वेळ लागेल, म्हणून माझ्याकडे पाठव. मोलगीच्या आठवडे बाजाराला आमच्या गल्लीतले दोघं-तिघं जातात, त्यांच्याबरोबर तिच्या हातात पोचेल असं मी बघते.

आणि पहिल्या पत्रावर थांबू नकोस. आता घरात माणसांची ये-जा आहे. आई-वडील गाडीत बसून गेल्यानंतरची पहिली रात्र तिला जड जाणार आहे. ती तारीख तिला विचारून घे, त्या संध्याकाळी टेकडीवर यायला सांग आणि फोन कर. आजीबद्दल बोलायलाच हवं असं नाही, भाकर केलीस का, भाऊ जेवला का, इतकं विचारलंस तरी चालेल. मग वैशाखात पुन्हा एक पत्र लिही. यंदा कैऱ्या सोलायला आजी नसेल, आणि आभाळ आल्यावर ओरडणारंही कुणी नसेल. त्या सुमारास गाव आजीला विसरलेलं असेल, तेव्हा तुझं पत्र आलं तर तिला फार बरं वाटेल. सुट्टी लागली की चार दिवस जाऊन फोडी करायला बस.

मजकूर लिहून झाला की मला दाखवायची गरज नाही. पाकीट बंद करूनच दे. ते तुम्हा दोघींचं आहे.

परीक्षेचा अभ्यास नीट कर, रात्री जागू नकोस. तुझ्या आईला माझा निरोप सांग.

तुझी,
मावशी