धूर उशिरा येतो

नंदुरबारात डिझेलचे पंप आणि नोझल उघडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. धडगावकडे चांदसैली घाट चढणाऱ्या जीपा, शहाद्याच्या कारखान्याला ऊस ओढणारे ट्रॅक्टर, नवापूरच्या रस्त्याने सुरतेला जाणारे ट्रक, सगळ्यांचे पंप माझ्या टेबलावर आले. रॉकेल टाकलेल्या डिझेलबद्दल जे कळलं ते त्या टेबलावरच कळलं.

१. रॉकेल टाकलं की गाडी लगेच काळा धूर ओकते, असं लोक समजतात. तसं होत नाही. इंजिन धडधाकट असेल तर रॉकेल डिझेलइतकंच, कधी थोडं स्वच्छही जळतं. म्हणून तर ड्रायव्हर छाती ठोकून सांगतो, "मिस्तरी, गाडी हलकी चालते, इंजिन साफ राहतं." पहिले काही दिवस त्याला खोटं ठरवता येत नाही.

धूर येतो तो पंप झिजल्यावर. पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी. त्या फटीत वेगळं ऑइल कोणी सोडत नाही. तिथे वंगण म्हणजे खुद्द डिझेल. जीपच्या रोटरी पंपात तर आतला प्रत्येक फिरता भाग डिझेलवरच जगतो. रॉकेल डिझेलच्या निम्म्याच्या आसपास घट्ट असतं, त्याचा थर धातूवर टिकत नाही. मग प्लंजरवर उभ्या रेघा पडतात. नखाने लागतात त्या.

२. पहिली तक्रार धुराची नसतेच. ती असते, "सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, घाट चढून चहाला थांबलो की परत घेत नाही." गरम झालेलं पातळ इंधन झिजलेल्या फटीतून मागे गळतं. सेल्फच्या मंद फेऱ्यांवर नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकायचं, थोडं थांबायचं आणि सेल्फ मारायचा. गाडी सुरू झाली तर दोष बॅटरीचा नाही, पंप आतून गेलाय.

३. खरा धूर माणूस स्वतः वाढवून घेतो. गळतीमुळे नोझलपर्यंत माल कमी पोचतो, त्यात लिटरमागे रॉकेलची ताकदही थोडी कमी. गाडी घाटात दम टाकते. मालक म्हणतो, "पंप वाढवून द्या." स्क्रू फिरवला की डिझेल जास्त जातं, ओढ परत येते. पण तोवर नोझलचं टोकही बसलेलं असतं. बारीक फवाऱ्याऐवजी धार पडते आणि बंद झाल्यावरही ते टपकत राहतं. मोठे थेंब पूर्ण जळत नाहीत, त्यांची काजळी होते. तोच तो काळा धूर. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं, ऑइल पातळ करतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नये.

या टप्प्यावर चांगलं डिझेल भरून काही उपयोग नाही. एलिमेंट बदलणं, नोझल बदलणं आणि पंप बेंचवर लावून कॅलिब्रेट करणं एवढंच उरतं. लिटरमागे वाचवलेले रुपये तिथे एका बिलात जातात. ट्रकमालकाला हे सोसतं, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर उभा राहिलेल्या शेतकऱ्याला नाही.

४. भेसळ करणारा इंजिनाकडे बघत नाही, भावातल्या फरकाकडे बघतो. 2011 च्या सुमारास रेशनचं रॉकेल बारा-तेरा रुपये लिटर आणि डिझेल चाळिशीच्या पुढे होतं. बारा हजार लिटरच्या टँकरमध्ये दहा टक्के रॉकेल मिसळलं तर एका खेपेला तीस हजारांहून जास्त सुटत. याच पैशापायी 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडीत मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथल्या एका ढाब्याजवळ चाललेला भेसळीचा प्रकार ते मोबाइलमध्ये टिपत होते. त्यानंतर राज्यभर छापे पडले.

रेशनच्या रॉकेलला निळा रंग असतो तो ओळखण्यासाठीच. तो काढता येतो हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. 2006 मध्ये सरकारने रॉकेलमध्ये छुपं खूणद्रव्य मिसळायला सुरुवात केली. तेही काढता येतं असं दिसल्यावर दोनेक वर्षांत ते बंद झालं. आता रेशनच्या रॉकेलवरचं अनुदान गेलं, रॉकेलच दिसेनासं झालं. मिसळणारे मात्र दुसऱ्या मालाकडे वळले. गुजरातेत 'बायोडिझेल'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या तेलावर 2020-21 मध्ये छापे पडले ते त्याचंच पुढचं पान.

५. पंपावर घनता मागा, पण ती वाचायला शिका. डिझेलची घनता 15 अंश तापमानाला मोजल्यासारखी लिहितात. समजा रजिस्टरला 828 आहे. आपल्याकडे मे महिन्यात जारमधल्या नमुन्याचं तापमान 35 अंश असेल, तर हायड्रोमीटर साधारण 814 दाखवेल, कारण प्रत्येक अंशाला घनता सुमारे 0.7 ने उतरते. तो आकडा बघून भांडायला उठलेले लोक मी पाहिलेत. नमुन्याचं तापमान घ्यायचं, तक्त्यावरून 15 अंशाचा आकडा काढायचा आणि मगच रजिस्टरशी ताडायचा. फरक 3 पर्यंत असेल तर तो चालतो.

या 3 मध्येच पळवाट आहे. रॉकेलची घनता 795 धरली तर पाच टक्के रॉकेलने 828 चं 826.35 होतं. कोणालाही पत्ता लागत नाही. दहा टक्क्यांना 824.7, म्हणजे जेमतेम पकडीत. पंचवीस टक्क्यांना 819.75, तेव्हा मात्र पंपवाल्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणजे घनतेची चाचणी हावरटाला पकडते. बेताने मिसळणारा तीतून सुटतो, त्याला प्रयोगशाळाच पकडते. शंका असेल तर पावती जपा, तेल कंपनी किंवा पुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करा आणि त्यांच्यासमोरच नमुना सीलबंद करून घ्या. आपण घरून बाटलीत नेलेला नमुना कोणी मानत नाही.

६. बीएस-सहा गाडीवाल्याने जुन्या ट्रॅक्टरचा हिशेब लावू नये. एप्रिल 2020 पासून डिझेलमध्ये गंधक दहा लाखात 10 भागांपेक्षा जास्त चालत नाही. रॉकेलच्या जुन्या मानकात पाव टक्का, म्हणजे 2500 भाग चालत. असं रॉकेल दहा टक्के पडलं तर मिश्रणात गंधक 259 भागांवर जातं, मर्यादेच्या जवळजवळ सव्वीस पट. हे गंधक सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टला निकामी करतं. त्याने काजळीचा फिल्टर नीट जळून साफ होत नाही, तो तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. शिवाय कॉमन रेलच्या पंपात दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो. हल्लीच्या डिझेलमध्ये गंधकाबरोबर गेलेलं वंगण भरून काढायला रिफायनरी वेगळं द्रव्य टाकते, ते रॉकेलमध्ये नसतं. पंप झिजला की धातूचा चुरा रेलमध्ये आणि तिथून सगळ्या इंजेक्टरांत जातो. फिल्टरच्या वाटीत चकाकणारी पूड दिसली तर सेल्फ मारूच नका, गाडी ओढून आणा. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं धुवावं लागतं, नाहीतर नवा पंपही महिनाभरात तशीच पूड टाकायला लागतो.