बुरूज दिसले होते

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. निफाडजवळच्या आमच्या शेतात दीड एकर उन्हाळ कांदा काढून पातीसकट वाळत पसरला होता. सकाळी साडेआठला धाकट्या भावाने आकाशाचा फोटो पाठवला, "ताई, कांदा झाकू का?" ढगांचा नाद घरात मला, म्हणून विचारणा पुण्यात माझ्याकडे.

फोटोत लहान लहान पांढऱ्या ढगांची रांग होती. फोनचा साधा कॅमेरा आडवा धरला की त्यात साधारण 70 अंश रुंद आकाश मावतं. म्हणून फोटोच्या रुंदीचे चौदा भाग केले, तर एक भाग सुमारे 5 अंशांचा होतो. क्षितिजापासून बऱ्यापैकी वर असलेला ढगाचा पुंजका त्या एका भागापेक्षा लहान, पण अंशाहून मोठा असेल, तर तो मधल्या थरातला ऑल्टोक्युम्युलस. मी तसं मोजलं आणि नाव बरोबर ठरवलं. "मधले ढग आहेत, पाऊस देत नाहीत," असं कळवून मोकळी झाले.

नाव बरोबर होतं, वाचन अपुरं होतं. फोटो मोठा करून मी ढगांचे माथे पाहिलेच नाहीत. खालची कड सरळ, एका ओळीत, आणि तिच्यावर किल्ल्याच्या तटासारखे उभे बुरूज. याला कॅस्टेलॅनस म्हणतात. हे बुरूज सांगतात की मधल्या थरातली हवा अस्थिर आहे, तिथे वर निघालेली हवा वरच चढत राहते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी वाफ त्या थरापर्यंत पोचली, की तिला अडवणारं काही उरत नाही. वाफ कमी असेल किंवा खालची हवा दाबून धरणारी असेल, तर दिवस कोराही जातो. म्हणजे सकाळचा बुरूज पाऊस नक्की आहे असं सांगत नाही. दुपारी पुन्हा बघ, एवढं सांगतो.

पावणेदोनला दुसरा फोटो आला. पश्चिमेला रेशमी पांढरा पडदा. मी लिहिलं, "सिरस आहे, खूप उंच, काळजी नको." ही चूक जास्त महाग पडली. सिरसचे तंतू साधारणपणे आकाशभर सुटे विखुरलेले असतात. हा पडदा मात्र क्षितिजावरच्या एकाच जागेतून पंख्यासारखा फाकत होता, त्याची पुढची कड ठळक होती आणि मुळाशी धुरकट काळोख होता. डोंगराआड उभ्या असलेल्या गडगडाटी ढगाचा, क्युम्युलोनिंबसचा, तो ऐरणीसारखा पसरलेला माथा होता. वरचे वारे पश्चिमेचे असल्यामुळे माथा ढगाच्या आधी आमच्याकडे सरकला होता. साडेचारला गारा पडल्या. भिजलेला, मार बसलेला तो कांदा चाळीत भरण्याजोगा राहिला नाही.

तेव्हापासून मी दुपारच्या फोटोत आधी माथा बघते. रुंदीपेक्षा उंची कमी असलेला चपटा कापसाचा ढग निरुपद्रवी. उंच वाढलेला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा कातरून काढल्यासारख्या स्पष्ट असलेला ढग अजून पाण्याच्या थेंबांचा असतो. सरी त्यातूनही येतात. पण त्याच माथ्याची कड पुसट, केसाळ दिसू लागली, म्हणजे वर बर्फ झाला आणि विजांचा ढग तयार झाला. ढग डोक्यावर आला की माथा दिसतच नाही, फोटोत नुसता करडा तळ येतो. अशा वेळी निरीक्षकांचा नियम कामी येतो: वीज, गडगडाट किंवा गारा, यांपैकी काहीही असेल तर त्या ढगाला क्युम्युलोनिंबसच म्हणायचं. म्हणून फोटोसोबत कानांनी काय ऐकलं तेही कळवायला हवं.

तळाच्या काळेपणावर मात्र भरवसा ठेवू नका. सूर्य ढगाच्या मागे असला की साधा ढगही काळा येतो, आणि फोन स्वतःहून सावल्या गडद-उजळ करतो. उलट पांढरा भाग जास्त उजळला तर नेमकी माथ्याची कडच पुसली जाते. ढगावर बोट टेकवून उजेड कमी करायचा, मग फोटो घ्यायचा.

भावाला मी आता एवढंच सांगून ठेवलं आहे: फोन आडवा, खाली जमिनीची पट्टी, चौकटीत विजेचा खांब, दिशा आणि वेळ लिहायची. पंधरा मिनिटांनी तिथूनच दुसरा फोटो. खांबाच्या तुलनेत माथा किती चढला, हे एका फोटोत कधीच कळत नाही. सोबत हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि विजांसाठी 'दामिनी' ॲप बघायचं, कारण डोंगराआडचं कॅमेऱ्याला दिसत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये पुन्हा सकाळी बुरूज दिसले. दुपारच्या दोन फोटोंमध्ये ढगाचा माथा खांबाच्या तारेच्या वर गेला, कड अजून स्पष्ट होती. मी झाकायला सांगितलं. भावाने कांदा गोळा करून ताडपत्री टाकली. ढग उत्तरेला गेला, आमच्याकडे थेंबही पडला नाही. झाकलेला कांदा घाम धरून सडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने ताडपत्री काढली, कांदा पुन्हा पसरला आणि आकाशाचा फोटो पाठवला. त्यात एकही बुरूज नव्हता.