आधी उपचार, मग कागद

आम्ही एक घडलेली गोष्ट सांगतो. मोटारीची धडक बसून एक स्कूटरवाला जखमी झाला. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, "ही पोलीस केस आहे. वीस किलोमीटरवरच्या इस्पितळात न्या." वाटेतच तो दगावला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ साली निकाल लागला: इस्पितळ सरकारी असो वा खाजगी, जीव आधी वाचवायचा. पोलिसांचे कागद मागून.

जखमीला आणणारा परका असेल, तर दाखल करण्याचे पैसे त्याच्याकडे मागता येत नाहीत. हा नियम २०१६ साली न्यायालयाने पक्का केला.

इस्पितळात सोय नसेल तर? तरी रक्त थांबवावे, श्वास चालू ठेवावा, मगच पुढे पाठवावे. म्हणून कुणी "आधी पोलीस आणा" म्हटले, तर आपण म्हणावे, "आधी रक्त थांबवा."